पंच्याण्णव मीटर

संध्याकाळी सहाला वर्कशॉप सुटलं, तेव्हा शंकर वॉचमनने रखमाला फाटकापाशी थांबवलं. त्याची नजर जमिनीवर होती.

"मास्टर, पिशवी दाखवा जरा."

रखमाला वाटलं, तो थट्टा करतोय. वीस वर्षं ती या फाटकातून ये-जा करत होती. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली ही छोटी शेड, तीत चौदा मशिनी, एक लांबलचक कटिंग टेबल आणि त्या टेबलामागे रखमा. बाई असून कटिंग मास्टर, म्हणून सुरुवातीला माणसं बघायला यायची. आता सगळे तिला नुसतं मास्टर म्हणायचे.

"काय बघायचंय पिशवीत? डबा आहे, छत्री आहे."

"प्रमोदशेठनी सांगितलंय," शंकर म्हणाला. "कालपासून कापडाचा हिशेब लागत नाही म्हणे."

मागे बायकांची रांग थांबली होती. शेडच्या पायरीवर प्रमोद उभा होता, हाताची घडी घालून. त्याचे वडील सुदामशेठ होते तेव्हा हा प्रमोद शाळेतून आला की रखमाच्या टेबलाखाली बसून तिच्या डब्यातली भाकरी खायचा. तिला मावशी म्हणायचा, अजूनही म्हणत होता.

रखमाने पिशवी शंकरच्या हातात दिली नाही. फाटकाशेजारच्या स्टुलावर ती स्वतःच उलटी केली. डबा घरंगळला, छत्री पडली, औषधाची पट्टी पडली, रुमाल पडला.

"बघ नीट," ती पायरीकडे बघून म्हणाली. "डबापण उघडून बघ. आत तागे कोंबले असतील."

शंकरनेच सगळं गोळा करून पिशवीत भरलं. तिच्यामागून आलेल्या बनूबाईच्या, प्रीतीच्या, सगळ्यांच्याच पिशव्या उघडल्या गेल्या. रखमा रस्त्यापलीकडे उभी राहून शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत बघत राहिली. मग मोरिवलीच्या दिशेने चालायला लागली. रोज ती आणि बनूबाई गप्पा मारत जायच्या. त्या दिवशी बनूबाई चार पावलं मागून चालत राहिली.

झालं होतं ते असं. शेजारच्या एका कंपनीची कामगारांच्या पँटींची ऑर्डर आली होती, निळ्या जाड सुती कापडाच्या सहाशे चाळीस पँटी. एका पँटला एक मीटर वीस सेंटिमीटर कापड लागतं, हे प्रमोदला पाठ होतं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कापडवाल्या मुकेशभाईंकडून त्याने आठ तागे आणले. प्रत्येकावर शंभर मीटरचं लेबल. म्हणजे आठशे मीटर, म्हणजे सहाशे सहासष्ट पँटी, ऑर्डर भागून वर सव्वीस. असा त्याचा हिशेब होता. आणि कटिंग संपलं तेव्हा गठ्ठ्यांची मोजदाद पाचशे सत्याऐंशीवर थांबली.

एकोणऐंशी पँटींचं कापड गेलं कुठं?

घरी आल्यावर रखमाने मुलीला, उन्नतीला, सगळं सांगितलं. उन्नती बदलापूरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. ती ऐकता ऐकताच उठून उभी राहिली.

"आई, उद्यापासून जायचंच नाही. अशी कितीतरी वर्कशॉप आहेत उल्हासनगरात. तुला कोणीही घेईल."

"घेईल की," रखमा म्हणाली. "आणि मागे काय म्हणतील? चोरी पकडली म्हणून पळाली. मी गेले तर ते पंच्याण्णव मीटर माझ्या नावावर चढलेच."

"पंच्याण्णव?"

"एकोणऐंशी पँटींचं कापड, एक-वीसने धर. पावणेपंच्याण्णवच्या वर जातं. एवढं कापड डब्यात मावतं होय गं? पंच्याण्णव मीटर म्हणजे अख्खा तागा. डोक्यावर घेऊन गेले असते तरी सगळ्या मोरिवलीने बघितलं असतं."

तिने पिशवीतला डबा काढला आणि घासायला मोरीत नेला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी गेली. टेबल मोकळं केलं. कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं. तागा संपताना जे तुकडे उरत, ते ती कधी टाकत नसे. एकेकाची घडी करून वर चिठ्ठी टाचून ठेवायची. सुदामशेठनी लावलेली सवय होती ती.

"प्रमोद," तिने केबिनच्या दारातून हाक मारली. "इकडे ये. आणि सगळ्यांना पाच मिनिटं मशिनी बंद करायला सांग."

"मावशी, नंतर बोलू ना. आत्ता कामाच्या वेळी..."

"काल कामाची वेळ संपायची वाट बघितलीस ना? सगळ्यांसमोर? मग आजही सगळ्यांसमोरच."

मशिनी आपोआप थांबल्या. प्रमोद बाहेर आला.

"मी टेबलावर एक थर अंथरते तो किती लांब असतो?" तिने विचारलं.

"चार पँटींचा. चार मीटर ऐंशी."

"या वेळी पाच मीटर दहा होता. का, ते मग सांगते. असे किती थर पडले? शेचाळीसचे तीन ढीग. बंडलांच्या चिठ्ठ्या मशिनींवर आहेत, हवं तर मोज. एकशे अडतीस थर, पाच-दहाचा एक. झाले सातशे चार मीटर." तिने पोतं टेबलावर रिकामं केलं. "आणि ही तागे संपतानाची टोकं. एकतीस तुकडे निघाले. मोठ्या तुकड्यांतून मी एकेकट्या पस्तीस पँटी बसवल्या. किती तुकडा होता, किती वापरला, चिठ्ठीवर आहे. एकतीस टोकांची बेरीज सत्त्याहत्तर मीटर. सातशे चार आणि सत्त्याहत्तर किती?"

प्रमोदने मोबाइल काढला नाही. तोंडानेच म्हणाला, "सातशे एक्क्याऐंशी."

"म्हणजे एकोणीस मीटर कापड या शेडमध्ये आलंच नाही. जे आलंच नाही ते मी पिशवीत घालून नेलं?"

प्रीती खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. प्रमोदचा चेहरा मात्र उजळला.

"हे बघ! मुकेशभाईने फसवलं तर. शंभर लिहून सत्त्याण्णव देतो. आत्ताच्या आत्ता जातो मी त्याच्याकडे. मावशी, चल तू पण. तू समोर असलीस की त्याची बोलती बंद."

त्याला वाटलं असावं, झालं, मिटलं. रखमाच्या ते लक्षात आलं. पण अजून शहात्तर मीटर उरले होते आणि ते तिला बोलून दाखवायचे होते. मुकेशभाईसमोर दाखवू, असं म्हणून ती निघाली. चिठ्ठ्या तिने ओच्यात बांधल्या आणि शेअर रिक्षात प्रमोदशेजारी बसली. वाटेत तो दोन-तीनदा काहीतरी बोलायला गेला. ती बाहेर बघत होती.

कॅम्प तीनच्या त्या गल्लीत हातगाड्या, तागे वाहणारे हमाल आणि रिक्षा यांच्यातून वाट काढावी लागते. मुकेशभाईंचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. छतापर्यंत तागे, खाली पांढरी गादी. मुकेशभाई साठीचे, सिंधी, पण मराठी असं बोलायचे की फोनवर कुणाला कळू नये. त्यांनी रखमाला बघून आधी हात जोडले.

"या मास्टर. आज स्वतः? चहा सांगू?"

"चहा नको. आधी हे बघा," प्रमोद म्हणाला आणि एकोणीस मीटरची कहाणी सांगायला लागला. आवाज चढत गेला. "तुमच्यामुळे माझ्याकडे इज्जतीचा प्रश्न झाला, मुकेशभाई. घरच्यासारख्या बाईवर संशय घ्यावा लागला मला!"

घ्यावा लागला. रखमाने तो शब्द ऐकला.

मुकेशभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून बिलाची प्रत काढून गादीवर ठेवली.

"वाच साईं. काय लिहिलंय? नग आठ. कुठे मीटर लिहिलाय?"

"लेबलवर शंभर आहे!"

"ते कोऱ्या कापडाचं माप, रंगाईच्या आधीचं. रंगून आलं की कमी होतं. दोन भाव सांगितले होते मी तुला, सांगितले की नाही? मीटरने एकशे चाळीस. पीसने बारा हजार चारशेचा तागा. मीटरने देतो तेव्हा ही पोरं इथे मोजून देतात. तागा अखंड देतो. आधीच आटवून घेतलेलं कापड असतं, धुतल्यावर टक्काभर आटलं तर आटलं. माप कमी भरलं तर माझं, मध्ये जोड निघाला तर माझा. हे सगळं धरूनच एकशे चाळीस. पीसने घेतलं की मोजणी नाही, तीन-चार तुकडे जोडून तागा केलेला, आणि आटणार. ते सगळं घेणाऱ्याचं. म्हणूनच स्वस्त. उगाच का कोणी बारा-चारशेला देईल?"

"हे तुम्ही एवढं सविस्तर कुठे..."

"सांगितलं ना. मी म्हणालो, प्रमोद, हे कापड चार-पाच टक्के आटतं, तुकडे आहेत, युनिफॉर्मला घेऊ नको. तू काय म्हणालास?" मुकेशभाई रखमाकडे वळले. त्यांना ते कौतुकच वाटत होतं. "तुमचं नाव घेतलं यांनी, मास्टर. म्हणाले, आटणं-तुकडे बघायला आमची मास्टर आहे. ती कापडातून कापड काढते."

खाली एक हातगाडीवाला ओरडत होता.

काल संध्याकाळी फाटकावर रखमाला जो राग आला होता तो फार तर निम्मा होता, असं तिला आता कळलं. काल तिला वाटलं होतं, पोरगा चुकला. कापडातलं त्याला कळत नाही, घाबरला असेल. आणि आता कळत होतं की त्याला सगळं सांगितलेलं होतं. तिच्या हाताच्या भरवशावर त्याने स्वस्तातलं कापड उचललं होतं. तिच्या हाताने जेवढं निघणं शक्य होतं तेवढं निघालं, आणि त्याच हातांतली पिशवी त्याने उलटी करायला लावली.

"मुकेशभाई," ती म्हणाली, "मला एक कात्री द्या आणि हे निळं कापड."

"कशाला?"

"याला दाखवायचंय. मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, तेव्हा हा फोनवर होता."

पण मग तिला आठवलं, चिठ्ठ्यांबरोबर तो तुकडाही बांधून आणला होता. ओच्यातून तिने घडी केलेला एक चौकोन काढला, निळा, धुऊन सुकवलेला, कडा उसवलेल्या. चारी बाजूंना पेनाच्या रेघा होत्या.

"तागे आले त्याच दिवशी मी यातून तुकडा कापला. वर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखला. घरी नेऊन गरम पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, इस्त्री केली. मोजा आता उभ्यात."

मुकेशभाईंनी गादीखालची पट्टी काढून लावली. "साडेसत्तेचाळीस."

"पन्नासाला अडीच गेले, म्हणजे शंभराला पाच. मी हा तुकडा याच्यापुढे धरला. म्हटलं, प्रमोद, पँटची लांबी एकशे चार हवी तर मला एकशे साडेनऊ कापावी लागेल, नाहीतर पहिल्या धुण्यात माणसाच्या घोट्याच्या वर जाईल. थर मोठा पडेल. कापड जास्त लागेल. हा फोन कानाला लावून म्हणाला, हो हो, कर तू. मी केलं. म्हणून थर चार-ऐंशीचा पाच-दहा झाला. पँटमागे साडेसात सेंटिमीटर. पाचशे सत्याऐंशी पँटींचे चव्वेचाळीस मीटर. ते मी घरी नाही नेले. ते त्या पँटींत आहेत. कामगार घालतील, धुतील, तेव्हा ते आटतील."

प्रमोद पायांकडे बघत होता.

"कापड अखंड असतं तर आठ टोकं निघाली असती. इथे एकतीस निघाली. जिथे थर पुरा होत नाही तिथे एकेकटी पँट कापायची, तिला जास्त कापड लागतं, कारण दुसऱ्या पँटीचा भाग शेजारी बसवता येत नाही. त्यात सहा मीटर गेले. आणि जे तुकडे एका पँटीलाही पुरत नाहीत ते साडेसव्वीस मीटर पोत्यात पडलेत. एकोणीस, चव्वेचाळीस, सहा, साडेसव्वीस. कर बेरीज."

मुकेशभाईंनीच कॅल्क्युलेटर पुढे ओढला. बोटं चालवून त्यांनी मान हलवली. "साडेपंच्याण्णव. बरोबर आहे." मग त्यांनी अजून काहीतरी दाबलं आणि कॅल्क्युलेटर प्रमोदकडे वळवला. "आणि हे पण बघ. आठ ताग्यांचे पैसे भागिले पाचशे सत्याऐंशी पँटी. एका पँटीला कापड पडलं एकशे एकोणसत्तर. मीटरने घेतलं असतंस तर? तेवढंच पडलं असतं रे. एक रुपयाही वाचला नाही तुझा. वर मास्टरची मेहनत फुकट."

"आणि लेबल?" रखमा त्यांच्याकडे वळली. "तुम्हीपण ऐका, मुकेशभाई. बिलावर नग लिहिता, पण ताग्यावर शंभरचं लेबल तसंच ठेवता. घेणारा नग बघत नाही, शंभर बघतो, हे तुम्हाला माहीत आहे. आणि त्याचा भुर्दंड पडतो कटिंग टेबलावरच्या माणसावर. तुमच्या गादीवर नाही पडत."

मुकेशभाईंनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. "खरंय," ते म्हणाले. "पण सगळा बाजार असाच चालतो, मास्टर."

"म्हणून काय झालं?"

अजून त्रेपन्न पँटी करायच्या होत्या. त्यासाठी प्रमोदने सत्तर मीटर कापड मीटरच्या भावाने घेतलं. रखमाने ते आपल्या डोळ्यांसमोर मोजून घेतलं, आणि रंग जुन्या कापडाशी उन्हात धरून बघितला. किंचित फरक होता. नव्या कापडाचा एक भाग जुन्याला जोडायचा नाही, या त्रेपन्न पँटी कंपनीच्या एकाच खात्याला द्यायच्या, असं तिने सांगितलं. काम ते काम.

परतताना रिक्षात प्रमोद म्हणाला, "मावशी, माझं चुकलं. खरंच चुकलं. या महिन्यापासून तुझा पगार वाढवतो मी."

"पगाराचं मी काही बोलले का?"

"नाही, पण..."

"रिक्षात चुकलं म्हणतोस. रिक्षात कोण आहे? हा ड्रायव्हर. त्याच्यासमोर पिशवी उलटी केलीस का माझी?"

ड्रायव्हरने आरशातून एकदा बघितलं.

"पण सगळ्यांपुढे म्हणजे... मालक आहे मी, मावशी. उद्या कोण ऐकेल माझं?"

"ते तू बघ. उद्या कामाला येणाऱ्या बाईला चोर समजून तिच्याकडून काम कसं घ्यायचं, तेही बघ. त्रेपन्न पँटी कापून देते. ऑर्डर अर्धी सोडणाऱ्यातली मी नाही. त्यापुढचं तुझ्यावर."

शेडमध्ये आल्यावर ती थेट टेबलापाशी गेली. नवीन कापडातून चौकोन कापला, आखला, नळाखाली बादलीत टाकला. प्रमोद केबिनमध्ये गेला. अर्धा तास तो काचेआड येरझाऱ्या घालताना दिसत होता. एकदा दारापर्यंत आला आणि परत फिरला.

सहा वाजायला आले. बायका आवरायला लागल्या. शंकर फाटकाशी स्टूल ओढून उभा राहिला. तपासणी बंद करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा प्रमोद बाहेर आला.

"एक मिनिट थांबा सगळे," तो म्हणाला. घसा खाकरला. "कापडाचा हिशेब लागलाय. थोडा गैरसमज झाला होता..."

"गैरसमज नाही झाला," रखमा टेबलामागून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या मशिनीपर्यंत गेला. "गैरसमज दोघांचा होतो. कापड कसलं आहे ते तुला दुकानातच सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. काय झालं ते नीट सांग."

प्रमोदचे कान लाल झाले.

"स्वस्त मिळतं म्हणून मी पीसच्या भावाने कापड घेतलं," तो म्हणाला. "माप कमी होतं, तुकडे होते, आटणारं होतं. मला माहीत होतं. मास्टरने एक बोट कापड वाया घालवलं नाही. मी त्यांना चोर ठरवलं. तुम्हाला सगळ्यांना ठरवलं. ते चूक होतं."

बनूबाई पुढे आली. ती धागे कापायचं काम करायची आणि मालकाशी आयुष्यात दोनदा बोलली असेल.

"आन् शेठ, उद्यापास्नं फाटकावर?"

"उद्यापासून काही नाही. शंकर, स्टूल आत घे."

बायका निघाल्या. रखमाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. राग जागच्या जागी होता, नुसता थंड झाला होता, आणि तिला समजलं की तो आता असाच राहणार.

दोन दिवसांनी त्रेपन्न पँटी कापून झाल्या. उरलेल्या कापडाची मोजमापं घेऊन रखमा केबिनमध्ये गेली. प्रमोद खुर्चीवरून उठला. आजवर तो तिच्यासाठी कधी उठला नव्हता.

"सत्तर मीटर होतं," ती म्हणाली. "हे कापड टक्काभरच आटलं. त्रेपन्न पँटी निघाल्या. साडेपाच मीटर अखंड उरलंय, ते कपाटात ठेवलंय. बघून घ्या."

"ठीक आहे, मावशी. तू म्हणतेस म्हणजे..." तो थांबला. "बघून घ्या? मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस?"

"परवापासून."

"मावशी, मी सगळ्यांसमोर बोललो ना. अजून काय करू?"

"काही नका करू." तिने हिशेबाचा कागद टेबलावर ठेवला; खाली तिने अटी लिहिल्या होत्या. "पुढची शर्टांची ऑर्डर आहे म्हणे. कापड मीटरने घेणार की पीसने, ते आधी मला लिहून द्या. पीसने असेल तर तागे माझ्यासमोर मोजायचे, तुकडे किती ते लिहायचं, एक चौकोन धुऊन बघायचा आणि खाली तुमची सही. सही झाल्याशिवाय मी कात्री लावणार नाही."

प्रमोदने कागद उचलला, वाचला आणि पेन शोधायला लागला.